रेषा शोधणे वेगळे, जाड करणे वेगळे

संगणकावरच्या त्रिमितीय खेळात वस्तूंभोवती शाईने काढल्यासारखी काळी रेषा दिसते, तेव्हा ती रेषा त्या वस्तूच्या मॉडेलमध्ये कुठेही नसते. चित्र रंगवून पूर्ण झाल्यावर, पडद्यावर पोहोचण्याआधी, एक छोटा प्रोग्राम प्रत्येक पिक्सेलपाशी थांबतो आणि ‘इथे रेषा हवी का?’ एवढाच प्रश्न विचारतो. उत्तर देण्यासाठी तो रंगाकडे बघत नाही, कारण रंग फसवतो: भिंतीवरची सावलीही रंग बदलते आणि पोस्टरवरचे अक्षरही. ग्राफिक्स कार्ड रंगासोबत आणखी दोन तक्ते भरून ठेवू शकते. एकात प्रत्येक पिक्सेलमधली वस्तू कॅमेऱ्यापासून किती खोल आहे हे असते, तर दुसऱ्यात त्या ठिकाणी पृष्ठभाग कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे. पहिला तक्ता डेप्थचा, दुसरा नॉर्मलचा. या तक्त्यांवरून रेषा काढण्याची पद्धत साइतो आणि ताकाहाशी या जपानी संशोधकांनी 1990 मध्ये सिगग्राफ परिषदेत मांडली आणि आज छंद म्हणून खेळ बनवणारी मुलेही ती वापरतात. तरीही अशा खेळांची चित्रे पाहिली तर एक दोष वारंवार आढळतो. जवळच्या वस्तूंची रेषा सुबक असते, पण दूरची झाडे, खांब, माणसे काळे डाग होऊन बसतात, आणि क्षितिजाजवळची जमीन काजळी फासल्यासारखी दिसते. हा दोष आवडीनिवडीचा नाही आणि थ्रेशोल्ड वरखाली करून तो जात नाही. रेषा शोधणे आणि रेषा जाड करणे ही दोन वेगळी कामे एकाच पायरीत उरकली जातात, तिथे त्याचे मूळ आहे, असे मला दाखवायचे आहे.

आधी शोधण्याचे काम पाहू. एक कागद भिंतीसमोर हातभर अंतरावर, भिंतीला समांतर धरला, तर दोघांचे नॉर्मल अगदी सारखे असतात, पण खोलीत उडी असते. ही कडा डेप्थ पकडतो. उलट खोक्याचा आपल्याकडे आलेला कोपरा घ्या. दोन्ही बाजू तिथे एकमेकींना चिकटलेल्या असतात, म्हणजे खोलीत उडी नाही, पण तोंडाची दिशा नव्वद अंशांनी बदलते. ही कडा नॉर्मल पकडतो. दोघांनाही चकवणारी एक जागा उरते: एकाच सपाटीत बसवलेल्या दोन वेगळ्या वस्तू, जशी भिंतीत चपखल बसलेली फळी. तिथे तिसरा तक्ता लागतो, ज्यात प्रत्येक भागाला वेगळा क्रमांक दिलेला असतो. ल्युकस पोप यांच्या 2018 च्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ या खेळात जहाजाच्या भागांना असे वेगळे खुणेचे रंग देऊन रेषा मिळवल्या आहेत. या प्रकरणात मात्र आपण पहिल्या दोन तक्त्यांवरच राहू, कारण अंतराचा सगळा गोंधळ तिथेच आहे.

सर्वांना आधी सुचणारा उपाय असा: शेजारच्या दोन पिक्सेलांच्या खोलीतला फरक काढा, तो ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा असेल तर रेषा ओढा. हा उपाय सपाट जमिनीवरच आपटतो. ठोस आकडे घेऊ. पडदा 1080 पिक्सेल उंच आहे, कॅमेऱ्याचा उभा दृष्टिकोन 60 अंश आहे आणि कॅमेरा जमिनीपासून 1.6 मीटर उंचावर समोर पाहतो आहे. अशा वेळी एक मीटर अंतरावरची एक मीटर लांब वस्तू पडद्यावर सुमारे 935 पिक्सेल व्यापते. या 935 ला आपण `f` म्हणू. जमिनीवर `z` मीटर दूर असलेल्या बिंदूपाशी पडद्यावर एक पिक्सेल वर सरकलो तर खोली `z*z/(1.6*f)` मीटरने वाढते. दहा मीटरवर हा फरक सुमारे 7 सेंटिमीटर असतो, पन्नास मीटरवर 1.7 मीटर आणि शंभर मीटरवर 6.7 मीटर. फरकाची मर्यादा अर्धा मीटर ठेवली, तर सत्तावीस मीटरच्या पलीकडची सगळी जमीन प्रोग्रामच्या दृष्टीने कडाच ठरते. तिथे खरी कडा एकही नसताना पिक्सेलच्या सगळ्या ओळी काळ्या होतात. क्षितिजाजवळची काजळी म्हणतात ती हीच.

यावर नेहमीचे उत्तर असते की फरकाला अंतराने भागा, म्हणजे दूरच्या फरकांना तितकी सूट मिळेल. सूट मिळते, पण पुरत नाही. भागाकारानंतरही जमिनीवरचा फरक अंतरासोबत वाढतच राहतो: दहा मीटरवर 0.7 टक्के, पन्नासवर 3.3, शंभरवर 6.7. पाच टक्क्यांची मर्यादा ठेवली तर काजळी सत्तावीस मीटरवरून पंचाहत्तर मीटरवर सरकते एवढेच. काही जण यापुढे जाऊन तिरप्या दिसणाऱ्या पृष्ठभागासाठी मर्यादा आणखी सैल करतात. त्याने जमीन स्वच्छ होते, पण त्याच जमिनीवर उभ्या असलेल्या बुटक्या पायरीची खरी कडाही त्या सैलपणात हरवते. ही ठिगळे लागतात, कारण प्रश्नच चुकीचा विचारला आहे. ‘शेजारी किती खोल आहे?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण तिरप्या सपाटीवर शेजारी खोल असणारच. ‘ही सपाटी तशीच पुढे गेली असती तर शेजारी जितका खोल असायला हवा, तितका तो आहे का?’ असे विचारायला हवे.

या प्रश्नाचे उत्तर देण्याची सोय डेप्थ बफरमध्ये आधीपासूनच असते. त्यात मीटरमधले अंतर साठवलेले नसते. आजच्या बहुतेक इंजिनांत उलटा डेप्थ वापरतात, आणि दूरची सीमा अनंत धरली तर त्यातली किंमत `n/z` असते, जिथे `n` म्हणजे कॅमेऱ्याची जवळची सीमा. `n` दहा सेंटिमीटर असेल, तर दहा मीटरवर 0.01, पन्नासवर 0.002, शंभरवर 0.001. ही किंमत वाकडी आहे म्हणून शिकवणीचे बहुतेक लेख तिला आधी सरळ मीटरमध्ये आणायला सांगतात. माझ्या मते इथेच हातातली चांगली गोष्ट फेकून दिली जाते. कोणत्याही सपाट पृष्ठभागावर, तो कितीही तिरपा असो, `1/z` ही किंमत पडद्यावर एकसारख्या पावलांनी वाढते किंवा कमी होते. म्हणून डावीकडची आणि उजवीकडची किंमत मिळवून त्यातून मधल्या किमतीची दुप्पट वजा केली, तर सपाटीवर उत्तर शून्य येते. जमीन दहा मीटरवर असो की पाचशेवर, शून्यच. हेच गणित मीटरमधल्या अंतरावर केले तर शून्य येत नाही, कारण तिथे पावले समान नसतात.

```
float c = max(d(0,0), 1e-6);
float h = d(-1,0) + d(1,0) - 2.0*d(0,0);
float v = d(0,-1) + d(0,1) - 2.0*d(0,0);
float edge = max(-h, -v) / c;
```

इथे `d` म्हणजे शेजारच्या पिक्सेलची कच्ची डेप्थ किंमत. वजाचे चिन्ह कशासाठी, हे समजून घेण्यासारखे आहे. जवळच्या वस्तूच्या अगदी काठावरचा पिक्सेल घ्या. त्याचा एक शेजारी त्याच वस्तूवर आहे, दुसरा मागच्या भिंतीवर. गणित केले तर `edge` ची किंमत `1 - z1/z2` येते, ज्यात `z1` वस्तूचे अंतर आणि `z2` भिंतीचे. मागे आकाश असेल तर ती 1 होते. भिंतीच्या बाजूच्या पिक्सेलवर मात्र त्या दिशेचे उत्तर ऋण येते, म्हणजे तो पिक्सेल आपोआप बाद होतो. परिणामी रेषा नेहमी जवळच्या वस्तूच्या आतल्या काठावर आणि बरोबर एक पिक्सेल जाड मिळते. पुढे जाडीचा विचार करताना ही गोष्ट फार उपयोगी पडणार आहे. मर्यादा दोन टक्के ठेवली तर तिचा अर्थही साध्या शब्दांत सांगता येतो: पाच मीटरवरच्या वस्तूमागे किमान दहा सेंटिमीटर पोकळी हवी, पन्नास मीटरवर एक मीटर. लांबून लहान फरक दुर्लक्षित होतात, आणि ते तसेच व्हायला हवे. एकाच पिक्सेलएवढी बारीक तारही सुटत नाही, कारण तिचे दोन्ही शेजारी मागे असल्याने उत्तर दुप्पट मोठे येते.

या पद्धतीला एक अट आहे, अचूकतेची. तीन किमतींच्या बेरीज-वजाबाकीत प्रत्येकीचा पूर्णांकात बसवताना झालेला कमी-जास्तपणा साचतो. सोळा बिटांच्या डेप्थमध्ये सर्वांत लहान पायरी सुमारे 0.000015 असते आणि साचलेली चूक दुपटीपर्यंत, म्हणजे 0.00003 पर्यंत जाऊ शकते. शंभर मीटरवर मूळ किंमतच 0.001 असल्याने ही चूक तीन टक्के झाली, म्हणजे आपल्या दोन टक्क्यांच्या मर्यादेबाहेर. दूरच्या जमिनीवर बारीक आडव्या रेघोट्या आल्या आणि कॅमेरा हलला की त्या सरपटू लागल्या, तर रोग हाच असतो. चोवीस बिटांत किंवा बत्तीस बिटांच्या दशांशात तो उरत नाही.

आता कुणी विचारेल, हे गणित इतके नेमके आहे तर खोक्याचा कोपराही त्यात का सापडू नये? कोपऱ्यावर खोलीचा उतार बदलतो, तेव्हा उत्तर शून्य येत नाहीच. पण किती येते ते पाहा. दोन्ही बाजू आपल्याकडे पंचेचाळीस अंशांनी तिरप्या असतील, तर कोपऱ्यावर उत्तर `2/f` येते, म्हणजे 0.2 टक्के, मर्यादेच्या दहाव्या हिश्शाएवढे. खोका एक मीटरवर असो की शंभरवर, हा आकडा तोच राहतो. तो पकडण्यासाठी मर्यादा खाली आणावी तर वाकड्या पृष्ठभागांवर ठिकठिकाणी रेषा उगवतात. म्हणून नॉर्मलला पर्याय नाही. त्याची रीत सोपी आहे: उजव्या आणि खालच्या शेजाऱ्याच्या नॉर्मलशी होणारा कोन पाहायचा, आणि तो तीस-चाळीस अंशांहून मोठा असेल तर रेषा ओढायची. चारही शेजारी पाहिले तर कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना खूण होऊन रेषा दुप्पट जाड होते. आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. वस्तू आणि मागची भिंत यांचे नॉर्मलही सहसा वेगळे असतात, त्यामुळे डेप्थने एक रेषा दिली असताना तिला चिकटून भिंतीवर नॉर्मलची दुसरी उमटते. ज्या दिशेत डेप्थचे उत्तर मोठे ऋण आले, त्या दिशेत नॉर्मलला विचारूच नये, म्हणजे ही जोडरेषा जाते. आडवी आणि उभी दिशा त्यासाठी वेगवेगळी तपासावी लागते. वरच्या तुकड्यात `max` ने दोन्ही एकत्र केल्या आहेत, त्याआधीच हे करायचे.

नॉर्मलला अंतराचा त्रास डेप्थपेक्षा जास्त आहे, आणि त्याचे कारण वेगळे आहे. गोल चेंडू जवळून पाहिला तर शेजारच्या पिक्सेलांचे नॉर्मल जवळपास सारखे असतात. तोच चेंडू लांब जाऊन पडद्यावर फक्त चार पिक्सेल त्रिज्येचा उरला, तर मध्यभागीच शेजाऱ्यांमध्ये चौदा अंशांचा फरक पडतो आणि कडेच्या शेवटच्या पिक्सेलात एकेचाळीस अंशांचा. चेंडूवर कुठेही कोपरा नसताना प्रोग्रामला कोपरे दिसू लागतात. माणसाचा चेहरा, कपड्यांच्या चुण्या, खडकाचे खाचखळगे यांचेही असेच होते. त्यामुळे एका मीटरला पडद्यावर किती पिक्सेल मिळतात हे पाहून नॉर्मलच्या रेषा हळूहळू विरघळवणे आणि दूरवर फक्त डेप्थने दिलेला बाहेरचा आकार शिल्लक ठेवणे, हाच मार्ग आहे. हाताने चित्र काढणारा चित्रकारही लांबच्या माणसाच्या सदऱ्याच्या चुण्या काढत नाही.

इथपर्यंत शोधण्याचे काम झाले, आणि ते पूर्णपणे एका पिक्सेलच्या मापात झाले. जाडीचा प्रश्न मुद्दामच बाजूला ठेवला होता. नेहमीच्या पद्धतीत तसे होत नाही. तिथे रेषा जाड हवी असेल तर तुलनेचे पिक्सेल एकमेकांपासून लांब नेतात: एका पिक्सेलवरचा शेजारी सोडून तीन पिक्सेलांवरचा पाहतात, की रेषा सुमारे तीन पिक्सेलांची होते. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी 1963 च्या प्रबंधात दिलेली तिरप्या जोड्यांची तुलना अशीच ताणून वापरण्याचा प्रघात आहे. पद्धत स्वस्त आणि दोन ओळींची आहे, म्हणून लोकप्रिय आहे. तिचे तोटे मात्र एका खांबावर दिसतात. बारा सेंटिमीटर जाडीचा दिव्याचा खांब पन्नास मीटरवर 2.2 पिक्सेल रुंद दिसतो. तीन पिक्सेल अंतरावरची जोडी त्याच्या दोन्ही बाजूंना पडली, तर दोघांनाही मागची भिंतच दिसते आणि मधला खांब निसटतो. मग खांबाच्या जागी रेषा येत नाही, पण डावी-उजवीकडे थोड्या अंतरावर दोन भुताळी रेषा येतात. शिवाय शेजारी तिप्पट लांब गेल्याने जमिनीवरचा फरकही तिप्पट होतो, आणि पंचाहत्तर मीटरवर सुरू होणारी काजळी पंचवीस मीटरवर येते. नॉर्मलचे कोनही तिप्पट. म्हणजे कलाकाराने ‘रेषा जरा जाड कर’ म्हटले की प्रत्येक मर्यादा नव्याने जुळवावी लागते. जाडी आणि शोध एकाच धाग्याने बांधल्याची ही किंमत आहे.

बरे, सगळीकडे एकच जाडी ठेवली तर काय होते? तोच खांब, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन पिक्सेलांची रेषा बाहेरून. दहा मीटरवर खांब 11.2 पिक्सेलांचा, रेषांसह 15.2. पन्नासवर 2.2 चा रेषांसह 6.2. शंभरवर 1.1 चा 5.1. पन्नास ते शंभर मीटरांत खांब निम्मा झाला, पण डोळ्याला तो 6.2 वरून 5.1 वर आलेला दिसतो. रस्त्याच्या कडेने रांगेत असलेले खांब एका ठिकाणानंतर लहान व्हायचेच थांबतात. वस्तू लहान होत जाणे ही अंतराची सर्वांत मोठी खूण आहे आणि ठरावीक जाडीची रेषा तीच पुसून टाकते. शंभर मीटरवरचा माणूस सोळा पिक्सेल उंच आणि चार-पाच पिक्सेल रुंद असतो. त्याच्या आत-बाहेर दोन पिक्सेलांची रेषा काढली तर रंगाला जागाच उरत नाही.

उपाय दोन पायऱ्यांचा. पहिली पायरी वर सांगितलेली, एका पिक्सेलची. ती ‘रेषा आहे’ एवढेच न लिहिता त्या ठिकाणी रेषा किती पिक्सेल जाड हवी हा आकडा लिहून ठेवते. जिथे रेषा नाही तिथे शून्य. दुसरी पायरी प्रत्येक पिक्सेलभोवतीचा पाच बाय पाचचा चौकोन चाळते आणि त्यातल्या कुठल्या खुणेची जाडी आपल्यापर्यंत पोहोचते का ते पाहते. हा क्रम का हवा, याचे खरे कारण आकाशात आहे. जाडी अंतरावरून ठरवायची तर कुणाच्या अंतरावरून? प्रत्येक पिक्सेलने स्वतःच्या अंतरावरून ठरवली, तर कड्याच्या टोकाबाहेरचा आकाशाचा पिक्सेल स्वतःला अनंत दूर समजतो आणि जाडी शून्य धरतो. मग रेषा आत जाड आणि बाहेर कापल्यासारखी होते. रेषेचा मालक नेहमी जवळची वस्तू असते, आणि जाडी तिच्याच अंतरावरून ठरली पाहिजे. आपल्या पहिल्या पायरीत खूण जवळच्या वस्तूवरच पडते, त्यामुळे हा मालकीचा प्रश्न तिथेच सुटलेला असतो. दुसऱ्या पायरीत एवढेच पाहायचे की दूरची रेषा आपल्याहून जवळच्या वस्तूवर चढणार नाही.

जाडी किती, हा यापुढचा भाग, आणि यात आवडीला जागा आहे. जगातल्या मापाने जाडी ठेवली, म्हणजे पाच मीटरवर दोन पिक्सेल असेल तर दहावर एक, तर ती पन्नासवर 0.2 होते. खऱ्या जगात असेच होईल, पण चित्र फिके पडते. वर्गमुळाच्या वेगाने कमी केली तर वीस मीटरवर एक, पन्नासवर 0.63, शंभरवर 0.45. माझा कल या दुसऱ्या नियमाकडे आहे, कारण त्यात दूरची रेषा मंद होते पण नाहीशी होत नाही. नियम कुठलाही घ्या, अंतर मीटरमध्ये न मोजता एका मीटरला किती पिक्सेल मिळतात हे मोजा, म्हणजे `f/z`. खेळाडूने दुर्बिणीतून चौपट जवळ पाहिले तर अंतर तेच राहते पण `f` चौपट होतो, आणि मीटरवर बेतलेला नियम दुर्बिणीतल्या मोठ्या चेहऱ्याला केसासारखी रेषा देतो. तसेच मूळचे दोन पिक्सेल 1080 च्या पडद्यासाठी आहेत. 2160 वर ते चार धरावे लागतात.

पिक्सेलहून बारीक रेषा काढता येत नाही, हे तर उघड आहे. म्हणूनच एक पिक्सेलच्या खाली जाडी कमी करणे थांबवून गडदपणा कमी करायचा. 0.45 जाडीची रेषा म्हणजे एक पिक्सेल रुंद, पंचेचाळीस टक्के काळी. दुसऱ्या पायरीतली ओळ दोन्ही गोष्टी एकदम करते. तिच्यात `w` ही खुणेत लिहिलेली जाडी आणि `dist` हे खुणेपासूनचे अंतर आहे:

```
float a = clamp(0.5*max(w,1.0) + 0.5 - dist, 0.0, 1.0) * min(w, 1.0);
```

जाडी 3 असेल तर खूण आणि दोन्हीकडचा एकेक पिक्सेल पूर्ण काळा होतो. 2 असेल तर खूण काळी आणि शेजारी अर्धे. 0.45 असेल तर फक्त खूण, फिकी. प्रत्येक वेळी शाईची बेरीज मागितलेल्या जाडीइतकीच भरते, म्हणून कॅमेरा मागे जाताना रेषा टप्प्याटप्प्याने उडी न मारता सलग बारीक होते. पन्नास मीटरवरचा खांब आता 2.2 पिक्सेलांचाच राहतो, कारण खुणा त्याच्या अंगावरच आहेत. तो काहीसा काळपट दिसतो, पण फुगत नाही.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येतो. 1920 बाय 1080 च्या पडद्यावर पाच बाय पाचचा चौकोन म्हणजे प्रत्येक चित्राला सुमारे 5.2 कोटी वाचने. आकडा भीतिदायक असला तरी वाचायचे आहे ते एकाच किमतीचे छोटे पोत, आणि शेजारचे पिक्सेल तीच ती माहिती वाचत असल्याने ती बहुतेक वेळा कॅशमध्येच सापडते. डेस्कटॉपच्या कार्डाला हे जड नाही. फोनवर तीन बाय तीनचा चौकोन घ्यावा आणि जाडी तीन पिक्सेलांवर थांबवावी. वीस-तीस पिक्सेलांची रेषा हवी असेल तर मात्र चौकोन चालत नाही, तिथे 2006 मध्ये रोंग आणि तान यांनी मांडलेली ‘जंप फ्लडिंग’ ही झेपा टाकत अंतर मोजणारी पद्धत लागते. पहिली पायरी तेव्हाही बदलावी लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. वस्तूची थोडी फुगवलेली काळी प्रत मागे काढून रेषा मिळवण्याची जुनी रीत आहे. 2014 च्या ‘गिल्टी गिअर एक्सआरडी’ मध्ये ती वापरून रेषेची जाडी मॉडेलच्या बिंदूबिंदूवर कलाकाराने ठरवली आहे. पोस्ट-प्रोसेसमध्ये असा ताबा मिळत नाही, हे मान्यच करायला हवे. पण फुगवलेली प्रतही अंतराच्या कचाट्यातून सुटत नाही. लांब गेल्यावर तिचा काठ पिक्सेलहून बारीक होतो, आणि फिका होण्याऐवजी लुकलुकू लागतो, कारण त्रिकोण पिक्सेलमध्ये एक तर येतो किंवा येत नाही. शिवाय दोन वस्तू एकमेकींत घुसल्या तिथे, किंवा वस्तूच्या आतल्या घड्यांवर, तिच्याकडून रेषा मिळत नाही. पडद्यावर दोन पात्रे मोठी दिसणार असतील तर फुगवलेली प्रत घ्यावी. पूर्ण रस्ता, गाव, डोंगर दाखवायचा असेल तर नको.

तिसरा आक्षेप कॉमिकप्रेमींचा: छापील चित्रकथेत पेनची जाडी सगळीकडे एकच असते, मग अंतराचा बाऊ कशाला? ती एकच ठेवता येते खरी, पण छापील चित्रात दूरच्या घराला चारच रेषा असतात, कारण काय गाळायचे ते चित्रकार ठरवतो. यंत्र काहीच गाळत नाही. म्हणून ठरावीक जाडी हवी असेल त्याने दूरच्या मॉडेलांचे तपशील आधी कमी करावेत आणि नॉर्मलच्या रेषा आणखी लवकर बंद कराव्यात.

काही जागी ही पद्धत थिटीच पडते. काच आणि धूर सहसा डेप्थमध्ये लिहिलेच जात नाहीत, म्हणून त्यांना रेषा नाही. झाडाच्या पानांच्या जाळीत प्रत्येक पान कडा ठरते, तिथे पानांपुरता नॉर्मलचा शोध बंद करून झाडाचा बाहेरचा आकारच ठेवावा. धुके असेल तर रेषा धुक्याआधी चढवावी, नाहीतर धुक्यात विरलेल्या डोंगरावर कोरी काळी रेषा तरंगते. आणि रेषा बसवताना रंगीत चित्र पाहू नका. पांढऱ्या पडद्यावर डेप्थच्या रेषा लाल आणि नॉर्मलच्या हिरव्या अशा एकट्याच काढा, कॅमेरा माणसाच्या उंचीवर ठेवून मोकळ्या जमिनीवरून हळू मागे न्या, मग एकदा दुर्बीण लावा. जमिनीवर लाल दिसले तर डेप्थ मीटरमध्ये बदलला गेला आहे किंवा बिट कमी पडताहेत. एकाच काठावर लाल-हिरवी जोडी दिसली तर ऋण बाजू वगळायची राहिली आहे. दुर्बिणीत रेषेची जाडी बदललीच नाही तर नियम `z` वर लिहिला गेला आहे, तो `f/z` वर लिहा.